सगळं ‘लो’ केलं, तरी तेवढंच

‘काका, गेम फार लॅग मारतोय. रॅम 16 जीबी आहे, ग्राफिक्स कार्डही चांगलं आहे. सगळ्या सेटिंग्ज लो करून बघितल्या तरी काही फरक नाही. नवीन कार्ड घ्यावं लागेल का?’

भाच्याच्या सांगलीतल्या मित्राचा हा मेसेज. मुलाला मी कधी पाहिलेलं नाही, त्याचा कॉम्प्युटर तर नाहीच. अशा मेसेजला बहुतेक जण एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होतात: ड्रायव्हर अपडेट कर, विंडोज नव्याने टाक, कार्ड बदल. यातलं कार्ड बदलणं वीस-पंचवीस हजारांच्या पुढचं काम आहे. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी मेसेज पुन्हा एकदा वाचलेला बरा. त्यातली तीन वाक्यं जवळपास निरुपयोगी आहेत. चौथं, म्हणजे ‘सगळ्या सेटिंग्ज लो करून बघितल्या तरी काही फरक नाही’, हे मात्र सोन्यासारखं आहे. मुलाने ते वैतागून लिहिलं होतं. खरं तर नकळत त्याने एक प्रयोग करून त्याचा निकाल कळवला होता.

पडद्यावर खेळ हलताना दिसतो, तो एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमुळे. यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि सेकंदाला किती फ्रेम आल्या तो आकडा म्हणजे एफपीएस. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक चित्र तयार व्हायला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. 30 फ्रेमवर समाधान असेल तर 33.3. या वेळात दोघांना आपापलं काम उरकायचं असतं. प्रोसेसर ठरवतो की गाडी आता कुठे आहे, सिग्नलला कोण उभं आहे, कोणत्या वस्तू चित्रात येणार, आणि तशी यादी ग्राफिक्स कार्डाकडे देतो. कार्ड त्या यादीवरून प्रत्यक्ष ठिपके रंगवतं. एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसा हा प्रकार आहे. लाटणारी मागे पडली, तर शेगडी कितीही मोठी केली तरी पोळ्या वाढत नाहीत.

आता सेटिंग्ज ‘लो’ करणं आणि रिझोल्यूशन उतरवणं यामुळे काम हलकं होतं ते मुख्यतः कार्डाचं. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख ठिपके असतात. 1280 बाय 720 वर आलं की ते 9.2 लाख होतात, म्हणजे कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी होतं. एवढं करूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडलं आहे ते कार्डापाशी नाही. नवीन कार्ड घेतलं असतं तर तेही असंच रिकामं बसून राहिलं असतं.

पण प्रोसेसरच्या बाजूला अडलं आहे, एवढं कळून भागत नाही. त्या बाजूला अडण्याची कारणं पुष्कळ असतात, आणि ती एकेक करून बाद करायला पुरेशी माहिती मेसेजमध्ये नव्हती. म्हणून मी त्याला म्हटलं, तुझं मत बाजूला ठेव आणि फक्त जे दिसतंय ते सविस्तर लिहून पाठव. काय लिहायचं आणि का, हे त्याला सांगितलं तसं इथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे भागांची पूर्ण नावं. ‘चांगलं कार्ड’ किंवा ‘रायझन 5’ या शब्दांवरून काहीच हाती लागत नाही. रायझन 5 5600 आणि रायझन 5 5600जी यांत एका अक्षराचा फरक आहे. ‘जी’ असलेल्या चिपमध्ये ग्राफिक्स अंगभूत असतं, नुसत्या 5600 मध्ये नसतं. याचा निदानाशी थेट संबंध येतो. मॉनिटरची वायर कार्डात लावायच्या ऐवजी मदरबोर्डच्या खाचेत लावणं ही फार नेहमीची चूक आहे. ‘जी’ चिप असेल तर तशाही वायरीने पडदा सुरू होतो, बऱ्याचदा खेळ त्या अंगभूत ग्राफिक्सवर रखडत चालतो आणि महागडं कार्ड शेजारी बसून राहतं. साधा 5600 असेल तर पडद्यावर काही येणारच नाही. म्हणजे पूर्ण नाव वाचलं की एक शक्यता तिथल्या तिथे निकालात निघते. लॅपटॉपचं तर याहून नाजूक आहे. आरटीएक्स 3050 हेच नाव असलेलं लॅपटॉपचं कार्ड कुठे 35 वॉटवर चालतं, कुठे 80 वॉटवर. नाव एक असलं तरी वेगात मोठी तफावत. त्यामुळे लॅपटॉप असेल तर कंपनीचं मॉडेल, चार्जर किती वॉटचा, आणि खेळताना तो लावलेला होता की नाही, हे लिहायलाच हवं.

दुसरी गोष्ट रॅमची, आणि ही बहुतेक सगळे अर्धवटच सांगतात. ‘16 जीबी’ ही झाली क्षमता. ती 16 ची एक पट्टी आहे की 8 च्या दोन, आणि किती वेगाने चालते आहे, हे त्यातून कळत नाही. विंडोजमध्ये Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, Performance मध्ये Memory वर जायचं. तिथे Speed आणि Slots used अशा दोन ओळी दिसतात. त्या जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या.

तिसरी गोष्ट लक्षणांची. ‘लॅग’ या एकाच तक्रारीखाली लोक दोन वेगळी दुखणी सांगतात. ऑनलाइन खेळात तुमची नजर डावी-उजवीकडे सुरळीत फिरते, पण समोरचा खेळाडू अचानक इथून तिथे उडी मारतो, तर तो इंटरनेटचा विलंब. त्यासाठी कॉम्प्युटर उघडायचं कारण नाही. इंटरनेट तोडून एकट्याने खेळतानाही नजर फिरवली की चित्र झटके खात असेल, तर तो फ्रेमचा प्रश्न.

मग हे झटके कधी येतात ते बघायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं छान आणि नंतर घसरण, असं असेल तर संशय उष्णतेवर. तापमान हद्दीला पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ही हद्द बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांना 90 ते 100 अंशांच्या दरम्यान असते. खोलीचं तापमान 22 वरून 38 वर गेलं, तर पंख्याचा वेग तोच असताना चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी वर सरकते. म्हणून डिसेंबरात नीट चालणारं मशीन मे महिन्यात नागपुरात कुरकुर करू लागतं. नवीन ठिकाणी किंवा नवीन स्फोट दिसताना एकदाच अडकतं आणि दुसऱ्यांदा तिथेच अडकत नाही, असं असेल तर खेळ त्या क्षणी कार्डासाठी छोटे प्रोग्राम तयार करत असतो. ते दुखणं मशीनचं नसून खेळाच्या घडणीचं असतं. आकडा बरोब्बर 60 ला किंवा 30 ला चिकटून बसला असेल, तर बहुधा कुणीतरी त्याला तिथे बांधलेलं असतं. व्हीसिंक चालू असताना 60 हर्ट्झच्या पडद्यावर 60 गाठणं जमलं नाही, की काही खेळ थेट 30 वर येतात. खरी अडचण इतक्या गोल आकड्यावर क्वचितच थांबते.

चौथी गोष्ट म्हणजे आकडे. नुसती सरासरी सांगून चालत नाही. एका सेकंदात 59 फ्रेम प्रत्येकी 12.7 मिलिसेकंदांत आल्या आणि साठावी मात्र 250 मिलिसेकंद अडकली, तरी हिशेबाला 60 एफपीएसच होतात. डोळ्यांना मात्र पाव सेकंदाचा धक्का स्पष्ट जाणवतो. ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी 2011 मध्ये कार्डांची परीक्षा अशी प्रत्येक फ्रेमच्या वेळेवरून करायला सुरुवात केली. त्यानंतर हळूहळू सगळ्याच परीक्षणांत सरासरीच्या जोडीला ‘1 टक्का लो’ हा आकडा दिसू लागला. सर्वांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या, हे तो सांगतो. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा इंटेलचा प्रेझेंटमॉन ही फुकट मिळणारी साधनं हे आकडे मोजतात. आफ्टरबर्नर खेळ सुरू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात ते दाखवतो, आणि त्यांच्याच शेजारी प्रोसेसर आणि कार्ड यांचं तापमान, वेग आणि वापराची टक्केवारीही.

मुलगा चिकाटीचा होता. दुसऱ्या दिवशी त्याचं हे टिपण आलं:

‘डेस्कटॉप. रायझन 5 5600, आरटीएक्स 3060 12 जीबी, 16 जीबी डीडीआर4, Speed 2400, Slots used 1 of 4. मॉनिटर 144 हर्ट्झचा, विंडोजमध्येही 144 वर. खेळ जीटीए फाइव्ह, एकट्याने खेळायचा, व्हीसिंक बंद. चाचणी खेळातल्याच बेंचमार्कची. 1080 वर सगळं व्हेरी हाय: सरासरी 82, 1 टक्का लो 41. 720 वर सगळं लो: सरासरी 86, 1 टक्का लो 43. व्हेरी हायवर कार्डाचा वापर 55 ते 60 टक्के, तापमान 61. लोवर वापर 30 च्या आसपास. प्रोसेसरचा वापर 40 टक्के, तापमान 71, वेग 4.4 गिगाहर्ट्झ, अर्ध्या तासानंतरही तोच. पहिल्या मिनिटापासून असंच. शहरात गर्दीच्या चौकात जास्त, डोंगराकडे गेलं की कमी. सात महिन्यांपूर्वी दुकानातून जुळवून घेतला, तेव्हापासून असाच आहे.’

असं टिपण समोर आलं की मशीन न बघताही काम करता येतं. टिपणात ‘मला वाटतं’ कुठेच नाही, आणि प्रत्येक ओळीने एकेक शंका मिटते. कार्ड साठ टक्क्यांवर, म्हणजे त्याला काम पुरत नाहीये. कार्डापाशी अडलं असतं तर हा आकडा 95 ते 99 च्या घरात दिसला असता, आणि खेळताना तसं दिसणं हा काही बिघाड नाही. 720 आणि लो वर येऊनही 82 चे 86 झाले, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूचा संशय पक्का झाला. तापमान 71 आणि वेग अर्ध्या तासाने तोच, म्हणून उष्णता बाद. पहिल्या दिवसापासून असंच आहे, तेव्हा नवा ड्रायव्हर किंवा मागाहून टाकलेला एखादा प्रोग्रामही बहुधा बाद. व्हीसिंक बंद आहे आणि 82 हा काही बांधून ठेवल्यासारखा आकडा नाही.

टिपणातला एकच आकडा फसवा आहे. प्रोसेसर फक्त 40 टक्के वापरात आहे, तर तो अडथळा कसा ठरेल, असं वाचताना वाटतं. पण ही टक्केवारी सगळ्या धाग्यांची मिळून असते. 5600 मध्ये सहा कोअर आणि बारा धागे आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ टक्क्यांनीच वाढतो. खेळाचा मुख्य हिशेब बहुधा एकाच धाग्यावर चालतो. तो धागा दमला की बाकी अकरा मोकळे असून उपयोग नसतो. त्यातही विंडोज हा धागा या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे वेगवेगळे आलेख बघूनही एखादा शंभरावर ठाण मांडून बसलेला दिसेलच असं नाही. म्हणून प्रोसेसरच्या टक्केवारीपेक्षा कार्डाच्या टक्केवारीवर जास्त भरवसा ठेवावा. कार्ड रिकामं बसलं आहे आणि फ्रेम कुठे बांधलेल्या नाहीत, तर त्याला कुणीतरी ताटकळत ठेवलं आहे हे नक्की.

राहिली ती ओळ: 2400, आणि चारपैकी एक खाच. म्हणजे 16 जीबीची एकच पट्टी. मदरबोर्डवरून प्रोसेसरपर्यंत माहिती यायला दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर त्यातली एक वाट ओस पडते. 2400 वेगाच्या एका डीडीआर4 पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी माहिती येऊ शकते. तीच 3200 वर चालली तर 25.6, आणि 3200 च्या दोन पट्ट्या दोन वाटांवर असतील तर 51.2. गर्दीच्या चौकात खेळाला शेकडो माणसं, गाड्या आणि सावल्या यांची माहिती सारखी लागते. प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या साठ्यात ती मावत नाही, मग रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि तिथून येईपर्यंत थांबून राहावं लागतं. गंमत म्हणजे हे थांबणंही टास्क मॅनेजर ‘काम’ म्हणूनच मोजतो. तेव्हा कोअर भरलेला दिसला, तरी त्यातला बराच वेळ वाट बघण्यात गेलेला असू शकतो.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. बिलावर ‘16 जीबी, 3200’ होतं आणि पट्टीवरही तेच छापलेलं होतं. पण छापलेला वेग आपोआप लागू होतोच असं नाही. अशा बऱ्याच पट्ट्या सुरक्षित म्हणून 2133, 2400 किंवा 2666 वर सुरू होतात. खरा वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन XMP चालू करावं लागतं. काही मदरबोर्डांवर त्याचंच नाव DOCP असतं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दुकानात ते सर्रास राहून जातं.

मी त्याला एका वेळी एकच बदल करायला सांगितला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आधी फुकटातला: XMP चालू, पट्टी तीच एक. तोच बेंचमार्क, त्याच सेटिंग्ज. सरासरी 82 वरून 93, 1 टक्का लो 41 वरून 50. रोग हाच होता, हे इथेच कळलं. मग त्याने तशाच बनावटीची, त्याच वेगाची दुसरी पट्टी आणली. वेगळ्या बनावटीची पट्टीही बऱ्याचदा चालते, पण कधी कधी दोघींचं जमत नाही आणि मशीन अधूनमधून बंद पडू लागतं. शक्य असेल तर जोडी सारखी असावी.

दुसरी पट्टी लावून त्याने कळवलं, ‘काका, काहीच फरक नाही. 94.’

क्षणभर मीही विचारात पडलो. मग फोटो मागवला. दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर शेजारच्या दोन खाचा एकाच वाटेवर असतात. प्रोसेसरकडून मोजलं तर दुसरी आणि चौथी अशा खाचा भरायच्या असतात, आणि बोर्डावर त्यांच्या शेजारी A2 आणि B2 असं बारीक छापलेलं असतं. टास्क मॅनेजर नुसतं 2 of 4 सांगतो, वाटांबद्दल बोलत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्राम आहे. त्याच्या Memory पानावर वाट एक आहे की दोन ते दिसतं. तिथे वेग मात्र निम्मा दिसतो, 3200 च्या जागी 1600. तो खऱ्या घड्याळाचा आकडा आहे आणि डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा माहिती देते. हे माहीत नसलेले लोक ते बघून उगाच घाबरतात.

पट्ट्या A2 आणि B2 मध्ये गेल्या. सरासरी 117, 1 टक्का लो 72. कार्डाचा वापर 80 च्या वर.

पडद्याच्या 144 पर्यंत गाडी पोचली नाही, आणि या मशीनवर एवढ्या सेटिंग्जमध्ये ती पोचेल असं मी त्याला सांगितलंही नव्हतं. भर शहरातल्या चौकात अजून थोडी घसरण होतीच. जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर 2015 साली आला. त्याच्या सेटिंग्जमध्ये Population Density नावाची एक सरकपट्टी आहे. तिथे लो आणि हाय असे पर्याय नसतात, म्हणून ‘सगळं लो’ करताना ती त्याच्या नजरेतून सुटून टोकाला तशीच राहिली होती. रस्त्यावर माणसं आणि गाड्या किती असाव्यात हे ती ठरवते, आणि तिचं ओझं पडतं ते मुख्यतः प्रोसेसरवर. Extended Distance Scaling, म्हणजे दूरच्या वस्तू किती तपशिलात दिसाव्यात, हीसुद्धा त्याच जातीची. पहिली निम्म्यावर आणि दुसरी शून्यावर आणली, तेव्हा चौकातले झटके थांबले. सावल्या आणि टेक्स्चर त्याने पुन्हा व्हेरी हायवर नेले. त्यांनी फ्रेममध्ये एक-दोनाचाच फरक पडला.